दहा जण टपावर बसणार का? : सोलापूर ते विजापूर, एका सहलीचा माणशी हिशेब

आमच्या नववीच्या दोन तुकड्या आहेत आणि पटावर 112 मुलं. डिसेंबरात एका दिवसाची सहल विजापूरला न्यायची ठरली. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. मंद्रूपवरून पुढं भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक. गोलघुमट आणि इब्राहिम रोजा सावकाश बघायचे, बाराकमान आणि मुलूख मैदान तोफ जाता-जाता, आणि दिवेलागणीनंतर तासाभरात परत. सहलप्रमुख म्हणून माझं नाव लागलं. गणिताचा शिक्षक असल्यामुळे हिशेबही माझ्याच गळ्यात पडणार होता, पण पहिला कागद आमच्या इतिहासाच्या सरांनी उत्साहाने आधीच करून आणला होता.

तो कागद पाच ओळींचा होता. वर्गात हात वर करायला सांगितलं तेव्हा 96 हात वर आले. 49 आसनी दोन बसचं भाडं 17,000 प्रमाणे 34,000. त्याला 96 ने भागून 354. वर नाश्ता 70 आणि दोन ठिकाणची तिकिटं मिळून 50. बेरीज 474, म्हणून माणशी 475 रुपये. सुटसुटीत आकडा होता. सूचना फलकावर लावायला मामांच्या हातात दिली.

आमचे शिपाईमामा गेली वीस वर्षं प्रत्येक सहलीला येतात. त्यांनी कागद वाचला आणि दारातच थांबले. म्हणाले, "सर, दोन गाड्यांत अठ्ठ्याण्णव जागा. पोरं शहाण्णव. मंग आपन धा जन काय टपावर बसणार का?"

सूचना लागली नाही. त्यानंतर तीन दिवस आम्ही तो कागद उलटसुलट केला आणि अखेर 600 रुपये ठरले. सहल झाली, हिशेब बंद झाला. 475 चे 600 कसे झाले, त्यातला कुठला रुपया कशापायी होता आणि ऐनवेळी काय घडलं, ते इथं लिहितो आहे. बसमालकाने दिलेले दर आमच्या सहलीपुरते आहेत, तुमच्याकडे ते वेगळे असतील. भागाकार मात्र असाच करावा लागेल.

आधी जागा, मग पैसे

मामांनी बोट ठेवलं ती पहिली चूक. दहा मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आम्ही पाळतो, मुली असल्यामुळे शिक्षिका हव्यातच, आणि एक शिपाई. म्हणजे नऊ शिक्षक अधिक मामा, असे दहा मोठे. 98 मधून 10 गेले की उरतात 88. हात कितीही वर येवोत, दोन बसमध्ये 88 च्या वर मुलं नेता येत नाहीत. पंधरा वर्षांची दोन मुलं एका जागेवर किंवा मधल्या वाटेत स्टूल, असले जुने उपाय हल्ली कुणी सुचवले तरी ऐकू नयेत. तपासणीत अडकलो तर दंडाआधी मुलांना रस्त्यावर उतरवतील.

दुसरी गोष्ट अशी की या दहा जणांचा खर्च कुठं तरी दाखवावाच लागतो. शिक्षक त्या दिवशी कामावर असतात, तिकीट आणि नाश्त्याचे पैसे त्यांच्याकडून घेणं मला पटत नाही. पण मग तो खर्च मुलांच्या पैशातून जातो, हेही लपवू नये. आमच्या बाबतीत दहा जणांची तिकिटं 500 आणि नाश्ता 700, मिळून 1,200. मुलामागे पंधरा रुपये. पालकांना दिलेल्या कागदावर ही ओळ स्वतंत्र लिहिली. एका पालकाने विचारलं, उत्तर दिलं, तिथंच विषय मिटला.

बसच्या भाड्यात काय नसतं

एसटी महामंडळ शालेय सहलींना प्रासंगिक करारावर 50 टक्के सवलत देतं आणि माझा पहिला कौल नेहमी त्यालाच असतो. पण त्यासाठी तारीख वेळेवर नक्की करून कागद आगारात जावा लागतो. आमची तारीख परीक्षेच्या वेळापत्रकामुळे दोनदा हलली, त्यामुळे खासगी बस घ्यावी लागली. दोष आमचाच.

खासगी बसमालक "सतरा हजार" म्हणतो तेव्हा त्या सतरा हजारांत काय येतं आणि काय येत नाही, हे लिहूनच घ्यावं. आमच्या दरपत्रकात तीन अटी होत्या. एक, दिवसाला किमान 300 किलोमीटर धरले जातील. दोन, अंतर मोजायचं ते बसच्या गॅरेजपासून परत गॅरेजपर्यंत, शाळेच्या फाटकापासून नाही. तीन, टोल, पार्किंग आणि चालक-क्लीनरचा भत्ता वेगळा.

पहिल्या अटीचा अर्थ नीट लावला तर सहलीचा आराखडाच बदलतो. जाऊन-येऊन दोनशे, गावातल्या गावात आणि गॅरेजपर्यंतचं मिळून सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे किमान अंतराच्या खूप आत. आमच्यातल्या एकांनी सुचवलं होतं की इब्राहिम रोजा गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, ते वगळलं तर डिझेलचे पैसे वाचतील. वाचले असते, पण बसमालकाचे. आमचं भाडं 300 किलोमीटरचंच राहणार होतं. रोजा वगळून आमचे फक्त ज्यांना तिकीट लागतं त्यांचे पंचवीस-पंचवीस रुपये वाचले असते, आणि मुलांच्या वाट्याची सगळ्यात देखणी इमारत गेली असती.

तिसऱ्या अटीने बजेटात भर पडली. दोन्ही बाजूंचा टोल बसमागे साधारण 1,050, भत्ता 600, पार्किंग 100. बसला 1,750 आणि दोन बसला 3,500. पहिल्या कागदावर हे शून्य होतं. राज्याची हद्द ओलांडायची असल्यामुळे आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का? आमच्या गाड्यांना होता. नसेल तर दुसऱ्या राज्यात जाण्याच्या तात्पुरत्या परवान्याचा आणि तिथल्या कराचा खर्च तुमच्या माथी येतो. तो कुणी आधी सांगत नाही, हद्दीवर सांगतात.

तर सगळं धरून, मुलं किती येतात यावर न हलणारा खर्च असा झाला: भाडं 34,000, टोल-भत्ता-पार्किंग 3,500, मोठ्यांचे 1,200, प्रथमोपचार पेटी 400, पिण्याच्या पाण्याचे जार 300. एकूण 39,400. मुलं 88 आली तरी एवढाच, 60 आली तरी जवळपास एवढाच. मोठे दोनतीन कमी लागले तर तीनचारशेचा फरक पडेल, बाकी नाही.

तिकीट : वय बघा, इयत्ता नाही

इथं पहिल्या कागदाने उलट्या बाजूने चूक केली होती, म्हणजे जास्त धरले होते. गोलघुमट आणि इब्राहिम रोजा दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहेत. भारतीय प्रौढाला प्रत्येकी 25 रुपये आणि 15 वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत. सातवी-आठवीची सहल असेल तर तिकिटाची ओळ जवळजवळ कोरीच राहते. दहावीची असेल तर बहुतेकांना लागतं. नववी मात्र बरोबर सीमेवर. डिसेंबरात त्यातली काही मुलं चौदाची, काही पंधरा पूर्ण केलेली.

म्हणून जनरल रजिस्टर उघडून सहलीच्या तारखेला कोण पंधराचं झालेलं असेल ते मोजलं. नाव दिलेल्या 88 जणांत तेवीस निघाले. तेवीस गुणिले 50, म्हणजे 1,150. पहिल्या कागदाप्रमाणे सगळ्यांचे धरले असते तर 4,400. हे 1,150 आम्ही फक्त त्या तेवीस जणांकडून घेतले नाहीत. एकाच वर्गात "तू मोठा, तुझे पन्नास जास्त" हे बरं दिसत नाही आणि वसुलीत गोंधळ होतो. सगळ्यांत वाटले, मुलामागे 13 रुपये.

पण रजिस्टर शाळेत राहतं आणि खिडकी विजापुरात असते. मूल पंधराच्या आतलं आहे हे तिथं दाखवायचं कशानं? आम्ही शाळेच्या पत्रावर जन्मतारखांसह यादी केली, मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेतला, आणि वर प्रत्येकाला जन्मतारीख असलेलं ओळखपत्र गळ्यात घालायला सांगितलं. यादीची प्रत दोन्ही बसमध्ये. एकाच बसमध्ये ठेवली असती तर दुसरी आधी पोहोचल्यावर सगळे खिडकीपाशी ताटकळले असते.

शुक्रवार टाळला. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात जे संग्रहालय आहे ते शुक्रवारी बंद असतं. पैशाच्या हिशेबाशी याचा संबंध नाही, पण अर्धी सहल बंद दारासमोर उभी करायची नसेल तर लक्षात ठेवावं.

नाश्त्यावर फार वेळ घालवला नाही. दुपारचा डबा घरून. कडक भाकरी आणि शेंगाचटणी प्रवासाला टिकते, हे सोलापूरच्या मुलांना शिकवावं लागत नाही. सकाळी निघताना चुरमुऱ्यांचा सुशीला आणि एक केळं, 30 रुपये. संध्याकाळी परतीच्या वाटेवर वडापाव आणि चिक्की, 40 रुपये. एकूण 70. दुपारचं जेवण हॉटेलात दिलं असतं तर माणशी शंभरावर गेलं असतंच, शिवाय नव्वद ताटांसाठी दीड तास गेला असता.

कशाने भागायचं?

आता भागाकार. 39,400 रुपये वाटायचे आहेत. किती जणांत?

88 जणांत वाटले तर मुलामागे 448. त्यात नाश्ता 70 आणि तिकीट 13 मिळवले की 531. पण 88 हा भरलेल्या बसचा आकडा आहे, आणि नाव देणारं प्रत्येक मूल पैसे भरत नाही. आमच्या मागच्या सहलींच्या पावतीपुस्तकांवरून दिसलं की नाव दिलेल्या दहापैकी एखादं गळतंच. कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाचे वडील नाही म्हणतात, कुणी मित्र येत नाही म्हणून येत नाही. त्या हिशेबाने 88 चे 80 धरले. 80 ने भागलं की 492 रुपये 50 पैसे. वर 70 आणि 13. साधारण 576.

हा आकडा कसा पळतो ते मुलांना फळ्यावर दाखवण्यासारखं आहे. मी दाखवलंही.

| मुलं | गाड्या | माणशी खर्च (राखीव सोडून) |
|---|---|---|
| 44 | एक बस | 539 |
| 45 | दोन बस | 948 |
| 59 | दोन बस | 745 |
| 59 | एक बस आणि एक 17 आसनी ट्रॅव्हलर | 579 |
| 80 | दोन बस | 576 |
| 88 | दोन बस | 531 |

चव्वेचाळीसावं मूल आणि पंचेचाळीसावं मूल यांच्यामध्ये माणशी चारशे रुपयांची पायरी आहे. एका बसमध्ये 49 जागा, पाच मोठे, 44 मुलं. त्यापुढचं एक मूल अख्खी बस सोबत घेऊन येतं. (44, 45 आणि 59 च्या ओळींत मोठे कमी लागतात, ते धरूनच आकडे काढले आहेत. ट्रॅव्हलर सगळं मिळून 9,000 ला सांगितली होती.) म्हणून दुसऱ्या बसचा इसार नुसत्या हातांवर देऊ नये. आम्ही पहिल्या बसचा इसार लगेच दिला आणि दुसरीसाठी मालकाकडून दहा दिवस आधीपर्यंतची मुदत मागून घेतली. पैसे भरायची शेवटची तारीख त्याच्या दोन दिवस आधीची ठेवली. त्या दिवशी पावत्या मोजायच्या आणि ठरवायचं: 44 पर्यंत एक बस, 45 ते 59 ला बस आणि ट्रॅव्हलर, 77 पासून पुढं दोन बस.

मधली 60 ते 76 ही खरी अडचणीची पट्टी होती. ट्रॅव्हलरमध्ये मावत नाहीत आणि 600 रुपयांत दोन बस परवडत नाहीत. तिथं अडकलो असतो तर रिकाम्या जागा आठवीला उघडायच्या, असं ठरवून ठेवलं होतं. आठवीची मुलं सगळी पंधराच्या आतली, तिकिटाचाही प्रश्न नाही. तशी वेळ आली नाही.

राखीव म्हणजे टक्के नव्हेत

आता राखीव रक्कम. शाळांत "दहा टक्के वर धरा" अशी रीत आहे. मला ती आळशी वाटते. गळतीसाठी आम्ही 88 चे 80 आधीच केले होते. त्यावर पुन्हा दहा टक्के "कुणी आलं नाही तर" म्हणून धरले असते, तर एकाच भीतीचे पैसे पालकांकडून दोनदा घेतले असते. राखीव हवी ती त्या खर्चांसाठी जे होऊ शकतात पण कदाचित होणार नाहीत. ते मी नावानिशी लिहिले. एखादं मूल पडलं-झडलं तर रिक्षा आणि डॉक्टर, 1,000. टोल-पार्किंगात फरक, 400. नाश्त्याच्या थोड्या जास्तीच्या पुड्या आणि सुटं काही, 600. एकूण 2,000, म्हणजे 80 मुलांत 25 रुपये. 576 अधिक 25, गोल आकड्यात 600.

बस वाटेत बंद पडली तर बदली गाडी मालकाने द्यायची, हे करारात लिहून घेतलं, त्यामुळे ती भीती आपल्या राखीवात धरली नाही. तोंडी "देतो की सर" यावर भागवू नये.

रिकाम्या जागेची किंमत

पैसे भरायच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षिका माझ्याकडे आल्या. चार मुलं आहेत, म्हणाल्या, घरी 600 निघणार नाहीत. दोघांच्या आया विडी वळतात, एकाचे वडील यंत्रमागावर. दोनशेपर्यंत देतील. काय करायचं? इतिहासाच्या सरांचं म्हणणं पडलं की माणशी खर्चच 576 आहे, 200 घेतले तर प्रत्येकामागे 376 चा तोटा, चौघांचे मिळून दीड हजार, तो कोण भरणार?

हा प्रश्न मला सगळ्या सहलीत जास्त मोलाचा वाटला, कारण उत्तर कागदावर दिसतं त्याच्या उलटं आहे. 576 मधले 492 हे बसचे आणि इतर ठरीव खर्चाचे आहेत. ती चार मुलं आली किंवा न आली, बसमालक 34,000 च घेणार. तेव्हा 79 पावत्या फाडून झाल्या होत्या आणि जागा 88 होत्या. नऊ जागा रिकाम्या. त्या रिकाम्या जागेवर एक मूल बसवायला शाळेला नव्याने काय लागतं? नाश्ता 70, आणि पंधरा पूर्ण असेल तर तिकीट 50. फार तर 120. ते मूल 200 देतंय. म्हणजे तोटा दूरच, प्रत्येकामागे किमान 80 रुपये ठरीव खर्चाच्या भरपाईला येतात. चौघं न आल्याने हिशेब सुधारत नव्हता, उलट बिघडत होता.

सर एकदम गप्प झाले, मग म्हणाले, "मग सगळ्यांकडून दोनशेच घ्या की." तिथं मर्यादा आहे. हे गणित फक्त तेव्हाच चालतं जेव्हा बस आधीच बाकीच्यांच्या पैशांतून ठरलेली आहे आणि जागा रिकामी आहे. जागा भरल्या असतील तर पुढच्या मुलाला पुढची बस लागते. आणि सवलत आधी जाहीर केली तर पूर्ण पैसे भरणारे थांबतात, हा अनुभव आहे. म्हणून ही सवलत मुदत संपल्यावर, वर्गशिक्षकांच्या शिफारशीने, मुलांसमोर नाव न घेता. पावतीवर मात्र 200 च लिहिले. 600 ची पावती देऊन 200 घेणं, असला चांगुलपणा तपासणीत नडतो.

एकूण जमा: 79 गुणिले 600, म्हणजे 47,400, आणि चौघांचे 800. मिळून 48,200.

सहलीचा दिवस

साडेसहाला निघायचं होतं. तिघांचे फोन सव्वासहाला आले, दोघांना ताप, एकाच्या घरी कुणी वारलं होतं. 83 चे 80 झाले. संमतीपत्रातच लिहिलं होतं की ऐनवेळी न आल्यास बसचे पैसे परत मिळणार नाहीत, नाश्त्याचे 70 मिळतील. हे वाक्य आधी लिहिलेलं नसतं तर सोमवारी तीन पालकांशी तीन वेगळे वाद झाले असते. तिघांचे 210 परत केले. सकाळच्या त्यांच्या प्लेटा मात्र आदल्या दिवशीच सांगितलेल्या होत्या, त्यांचे 90 द्यावेच लागले.

सुशीला वाटताना लक्षात आलं की दोन चालक आणि दोन क्लीनर आमच्या यादीत कुठंच नाहीत. भत्ता त्यांना होता, पण ऐंशी पोरं खात असताना चौघांना बाजूला उभं ठेवायचं हे काही आपल्याकडे जमत नाही. मामांनी जास्तीच्या प्लेटा सांगून ठेवल्या होत्या, मला न विचारता. 280 रुपये, सकाळ-संध्याकाळ मिळून.

गोलघुमटाच्या खिडकीवर यादी आणि ओळखपत्रं चालली. पंधरा पूर्ण केलेली 21 मुलं आली होती, त्यांची तिकिटं काढली. दोघं ओळखपत्र घरी विसरले होते. यादीत नावं होती, पण तिथं घासाघीस करत रांग अडवण्यापेक्षा दोघांची तिकिटं काढून टाकली. रोजालाही तेच. शंभर रुपये.

घुमटाच्या चारही कोपऱ्यांना सात मजली मनोरे आहेत, त्यांतल्या अरुंद, उंच पायऱ्यांच्या जिन्याने वरच्या गॅलरीत जायचं. तिथं एका टोकाला कुजबुजलं की पार पलीकडे ऐकू येतं, हे मुलांना कधीपासून माहीत होतं, त्यामुळे चढताना जरा घाई झालीच. उतरताना एका मुलीचा पाय मुरगळला. सूज बघून एका शिक्षिकेसोबत रिक्षाने दवाखान्यात पाठवलं. हाड शाबूत होतं. रिक्षा, डॉक्टर, पट्टी, गोळ्या मिळून 650. बाईंनी हे पैसे पर्समधून दिले आणि पावती मागायला विसरल्या, ती मी त्यांना परत जायला लावून आणवली. तेव्हा त्या रागावल्या होत्या.

पार्किंग आम्ही एकाच ठिकाणचं धरलं होतं. रोजापाशीही दोन बसचे शंभर-शंभर लागले. आणि पाण्याचे दोन जार वाढले, साठ रुपये. डिसेंबर असला तरी विजापूरचं दुपारचं ऊन आपल्या सोलापूरच्याच घरातलं.

हिशेब बंद करताना

सोमवारी कागद जुळवले. भाडं 34,000. टोल-भत्ता-पार्किंग 3,700. तिकिटं मुलांची आणि मोठ्यांची मिळून 1,650. नाश्ता 6,670. प्रथमोपचार पेटी 400, पाणी 360, दवाखाना 650. एकूण 47,430. परत केलेले 210 धरून 47,640. जमा 48,200. शिल्लक 560.

राखीवातले 2,000 कुठं गेले तेही जुळतं: दवाखाना 650, चालक-क्लीनरचा नाश्ता 280, पार्किंग 200, ओळखपत्राची तिकिटं 100, वाया गेलेल्या प्लेटा 90, पाणी 60. एकूण 1,380. सगळ्यात मोठा खर्च ज्याची भीती धरली होती तोच निघाला, आणि दुसऱ्या नंबरचा असा की जो धरायलाच हवा होता. पुढच्या वेळी चालक-क्लीनरचे चार नाश्ते राखीवातून न काढता ठरीव खर्चात लिहिले पाहिजेत. मोठे दहा नाहीत, चौदा आहेत. जागा मात्र दहाच अडतात.

उत्सुकता म्हणून पहिला कागदही काढून बघितला. 475 प्रमाणे 83 जणांचे, एकाही सवलतीशिवाय, 39,425 जमले असते. 8,215 रुपये कमी पडले असते, आणि ते सहलीनंतर पालकांकडे मागता येत नाहीत. आधीच्या एका सहलीत असंच झालं होतं, तेव्हा आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली होती. ती कुठल्याच वहीत लिहिलेली नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तोच दर लागला.

560 भागिले 80, बरोबर 7. परत द्यायचे की पुढच्या सहलीला ठेवायचे यावर स्टाफरूममध्ये चहाचे दोन कप गार झाले. मी परत द्यायच्या बाजूचा होतो, कारण यंदाची मुलं पुढच्या वर्षी दहावीत, त्यांची सहलच नाही. शेवटी दोन्ही तुकड्यांत सात-सात रुपये वाटले, 200 भरलेल्या चौघांनाही. सुटे मामांनी मंगळवार बाजारातून आणले. हिशेबाचा पूर्ण कागद फलकावर लावला, राखीवाच्या सहा ओळींसकट.

दुसऱ्या दिवशी तासाला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, वाया गेलेल्या प्लेटा नव्वद लिहिलंय. पण त्या तीन प्लेटा परत येताना क्लीनरकाकांनी खाल्ल्या, मी बघितलंय."

मी फलकावरच्या कागदावर "वाया गेलेल्या" खोडून "जास्तीच्या" असं लिहिलं. आकडा तोच राहिला.